कटऑफ दर वर्षी का बदलतो आणि जुन्या याद्यांवरून प्रवेशाचा अंदाज कसा बांधावा

प्रश्न: माझ्या मुलीला एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात ९४.२ पर्सेंटाइल आहेत. राज्य गुणवत्ता क्रमांक १८,५०० च्या आसपास आहे, प्रवर्ग ओबीसी. तिला हव्या असलेल्या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा GOBCH रकान्यातला पहिल्या फेरीचा कटऑफ तीन वर्षांपूर्वी ९२.१, मग ९२.८ आणि गेल्या वर्षी ९४.६ होता. त्याच चौकटींत १७,९००, १६,२०० आणि १७,१०० असेही आकडे आहेत, ते कशाचे हे कळले नाही. कटऑफ दर वर्षी का बदलतो, आणि जुन्या याद्या पाहून यंदा प्रवेश मिळेल का, हे कसे काढायचे?

उत्तर:

जे आकडे तुम्हाला कळले नाहीत, तेच तुमच्या सर्वाधिक कामाचे आहेत. सीईटी सेलच्या कटऑफ यादीत प्रत्येक चौकटीत दोन संख्या असतात. वरची संख्या हा राज्य सर्वसाधारण गुणवत्ता क्रमांक असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल असते. बहुतेक पालक कंसातला आकडा उतरवून घेतात, त्यावरून तीन वर्षांची चढण पाहतात आणि घाबरतात. तुमच्या बाबतीत पर्सेंटाइल अडीच अंकांनी चढले आहे, पण गुणवत्ता क्रमांक १७ हजारांच्या आसपासच खालीवर झाला आहे. असे का होते हे समजले, की तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात.

कटऑफ कोणी ठरवत नाही. महाविद्यालय ठरवत नाही आणि सीईटी सेलही ठरवत नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, विद्यार्थी गुणवत्ता क्रमांकानुसार एकामागून एक घेतले जातात, प्रत्येकाच्या पसंतीक्रमात वरपासून जी पहिली रिकामी जागा त्याला लागू होते ती त्याला दिली जाते, आणि एखाद्या शाखेची एखाद्या प्रकारची शेवटची जागा ज्या विद्यार्थ्याला मिळाली त्याचा क्रमांक आणि पर्सेंटाइल कटऑफ म्हणून छापले जाते. म्हणजे कटऑफ ही त्या वर्षी त्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याची नोंद आहे. रांगेत पुढे किती जण होते, त्यांतल्या कितींना ही जागा हवी होती आणि जागा किती होत्या, या तीन गोष्टींपैकी एक जरी हलली तरी ती नोंद बदलते.

आता पर्सेंटाइलकडे वळू. पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची असते: भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून गुण थेट वापरले जात नाहीत. तुमच्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी शेकडा किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत, ते पर्सेंटाइल सांगते. त्यामुळे १२० गुणांना एका सत्रात जे पर्सेंटाइल मिळेल ते दुसऱ्या सत्रात मिळेलच असे नाही, आणि वेगवेगळ्या वर्षांत तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही. ‘इतक्या गुणांना इतके पर्सेंटाइल’ अशी कोष्टके निकालाआधी सगळीकडे फिरत असतात. निकाल हातात आल्यावर त्यांचा काहीही उपयोग नाही.

पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांमधला वाटा आहे, रांगेतली जागा नव्हे. २०२४ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सुमारे २ लाख ९५ हजार विद्यार्थ्यांनी दिली आणि २०२५ मध्ये सुमारे ४ लाख २२ हजारांनी. ९५ पर्सेंटाइल म्हणजे वरचे ५ टक्के. २०२४ मध्ये हे वरचे ५ टक्के साधारण १४,७५० विद्यार्थी होते, तर २०२५ मध्ये २१,१००. एकाच पर्सेंटाइलवर उभ्या असलेल्या मुलाच्या पुढे एका वर्षात सहा हजारांहून अधिक जण वाढले. महाविद्यालयातील जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नसतील, तर शेवटची जागा मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा क्रमांक साधारण तोच राहतो आणि त्या क्रमांकाला मिळणारे पर्सेंटाइल वर सरकते. परीक्षार्थी वाढल्याने पर्सेंटाइलचा कटऑफ चढला, तर महाविद्यालयात प्रवेश मिळवणे खरोखर अवघड झाले असे त्यातून सिद्ध होत नाही. तुमच्या यादीत ९२.८ वरून ९४.६ ही उडी आहे, पण क्रमांक १६,२०० वरून १७,१०० वर गेला आहे. म्हणजे क्रमांकाच्या भाषेत गेल्या वर्षी प्रवेश त्याआधीच्या वर्षापेक्षा किंचित सोपाच झाला होता.

गुणवत्ता यादीत फक्त कॅपसाठी नोंदणी केलेले आणि पात्र ठरलेले विद्यार्थी असतात, परीक्षा दिलेले सगळे नसतात. म्हणून पर्सेंटाइलवरून काढलेल्या जागेपेक्षा गुणवत्ता क्रमांक बराच लहान येतो. निकाल लागल्यावर आणि गुणवत्ता यादी लागण्याआधी अंदाज करायचा असेल, तर आधीच्या वर्षीच्या कटऑफ यादीतल्या जोड्या वापरता येतात, कारण कोणत्या पर्सेंटाइलला कोणता क्रमांक मिळाला होता हे त्या चौकटींतच छापलेले असते. मात्र परीक्षार्थींची संख्या बदलली असेल, तर जुना क्रमांक त्याच पटीत वाढवून घ्यावा लागतो. परीक्षा दोनदा होऊन दोहोंपैकी चांगले पर्सेंटाइल धरण्याची पद्धत लागू झाली, की हाही आधार निसटतो, कारण मग सगळ्यांचीच पर्सेंटाइल वर जातात आणि जुन्या जोड्या जुळत नाहीत. गुणवत्ता क्रमांकाला मात्र या कशाचाही धक्का बसत नाही. अंतिम गुणवत्ता यादी लागेपर्यंत थांबावे आणि त्यातला क्रमांकच वापरावा. तात्पुरत्या यादीतला क्रमांक हरकती आणि दुरुस्त्यांनंतर थोडा सरकतो.

यादीत पाहायचा क्रमांक राज्य सर्वसाधारण गुणवत्ता क्रमांकच आहे, हेही लक्षात असू द्या. ओबीसीच्या रकान्यातही तोच छापलेला असतो. मुलीचा ओबीसींमधला क्रमांक वेगळा काढून तो या चौकटीशी ताडून पाहिला, तर अंदाज पूर्ण चुकतो आणि चुकतो तोही सुखावणाऱ्या बाजूला, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही.

क्रमांक जर इतका स्थिर असेल, तर तोही १७,९००, १६,२००, १७,१०० असा का हलतो? याचे पहिले कारण जागा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी शाखानिहाय प्रवेश क्षमतेवरची कमाल मर्यादा काढली, आणि त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी संगणक आणि तत्सम शाखांच्या तुकड्या वाढवल्या. तुमच्या पसंतीच्या महाविद्यालयाने ६० च्या १२० जागा केल्या, तर त्याचा कटऑफ क्रमांक पुढे जाईल हे उघड आहे. पण शेजारच्या, त्याहून वरच्या पसंतीच्या महाविद्यालयाने जागा वाढवल्या तरी तोच परिणाम होतो, कारण वरच्या रांगेतली काही मुले तिकडे सामावली जातात. म्हणून फक्त स्वतःच्या महाविद्यालयाच्या जागा पाहून पुरत नाही. रांगेत त्याच्या लगेच वर असलेल्या चार-पाच महाविद्यालयांच्याही पाहाव्या लागतात.

दुसरे कारण म्हणजे रकान्याचे नियम. GOBCH मधला G म्हणजे सर्वसाधारण, L असेल तर मुलींसाठी. मधली अक्षरे प्रवर्गाची. शेवटचा H म्हणजे त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातले, O म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे आणि S म्हणजे राज्यस्तर. जिथे विद्यापीठनिहाय विभागणी लागू आहे तिथे ७० टक्के जागा H ला आणि ३० टक्के O ला जातात. आरक्षणाचा नियम बदलला, की संबंधित रकान्यांची जुनी मालिका तिथेच तुटते. मराठा समाजासाठीचे आरक्षण २०१८ च्या कायद्याने आले, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि २०२४ च्या नव्या कायद्याने ते १० टक्के म्हणून पुन्हा आले. मधल्या काळात या समाजातले अनेक पात्र विद्यार्थी ईडब्ल्यूएसमधून प्रवेश घेत होते, २०२४ नंतर ते या नव्या आरक्षणाच्या, म्हणजे एसईबीसीच्या रकान्यात गेले. त्यामुळे २०२२ किंवा २०२३ चा ईडब्ल्यूएस किंवा खुल्या प्रवर्गाचा कटऑफ आजच्या कटऑफशेजारी ठेवला, तर दोन वेगळ्या रांगा शेजारी ठेवल्यासारखे होते. तुमचा रकाना ओबीसीचा आहे, त्यामुळे ही तोडमोड तुम्हाला थेट लागत नाही. पण मुलीचा क्रमांक खुल्या रकान्याच्या जवळ असता, तर ती मोजावीच लागली असती.

तिसरे कारण फेऱ्यांचे नियम, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. २०२४ पर्यंत कॅपच्या तीन फेऱ्या होत आणि ज्याला पहिल्या पसंतीची जागा मिळाली त्याचीच जागा आपोआप निश्चित होई. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाली, तर जागा आपोआप निश्चित करून त्या विद्यार्थ्याला पुढच्या फेऱ्यांतून बाहेर काढले गेले. त्यामुळे चांगल्या जागेसाठी पुढच्या फेऱ्यांत फिरत राहणाऱ्यांची संख्या कमी होते आणि मधल्या फेऱ्यांत जागा पूर्वीसारख्या मोकळ्या होत नाहीत. म्हणून २०२४ ची तिसरी फेरी आणि २०२५ ची तिसरी फेरी एका ओळीत मांडू नये. निरनिराळ्या वर्षांची तुलना करायची, तर पहिली फेरी पहिल्या फेरीशी ताडावी. पहिल्या फेरीत सगळे जण नव्याने उभे असतात, म्हणून तिथे नियमबदलाचा परिणाम सर्वांत कमी असतो.

शाखांची लाटही असते, पण ती एका वर्षात फार मोठा फरक पाडत नाही. तीन वर्षांत क्रमांक एकाच दिशेने सरकत असेल, म्हणजे दर वर्षी लहान होत असेल, तर मागणी वाढते आहे असे समजावे. तुमच्या रकान्यात तसा कल नाही. संख्या एकदा कमी होऊन पुन्हा वाढली आहे.

आता तुमच्या मुलीचे गणित मांडू. पहिल्या फेरीत GOBCH ची शेवटची जागा तीन वर्षांत १७,९००, १६,२०० आणि १७,१०० या क्रमांकांना गेली. मुलीचा क्रमांक १८,५०० आहे. जागा आणि नियम जसेच्या तसे राहिले, तर या रकान्यातून पहिल्या फेरीत तिचा नंबर लागणे कठीण आहे, कारण तिन्ही वर्षांतल्या सर्वांत सैल आकड्याच्याही ती ६०० ने मागे आहे. पण ६०० हे अंतर मोठे नाही, आणि तेवढ्यावर हा पर्याय सोडून देऊ नये. याची दोन कारणे आहेत, ती पुढे येतात.

अंदाज बांधताना मी तीन वर्षांतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा क्रमांक असा पट्टा धरतो. विद्यार्थ्याचा क्रमांक सर्वांत लहान कटऑफ क्रमांकापेक्षाही लहान असेल, तर जागा मिळण्याची शक्यता मोठी. पट्ट्याच्या आत असेल, तर दोन्ही शक्यता सारख्याच धराव्यात. पट्ट्याच्या बाहेर पण शेकडा दहाच्या आत असेल, तर आशा ठेवावी पण त्यावर विसंबू नये. त्याहून पुढे असेल, तर जागा वाढल्याचा ठोस पुरावा नसताना ती मिळेल असे धरू नये. हा पट्टा एका वर्षाच्या आकड्यावर बेतता येत नाही, कारण एका वर्षात एखादा विद्यार्थी प्रवेश न घेता निघून गेला तरी शेवटचा क्रमांक काहीशेने सरकतो. सरासरीही काढू नये. सरासरी एकच आकडा देते आणि मग त्या आकड्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, एवढाच प्रश्न उरतो. चढउतार किती आहे ही माहिती, जी इथे सर्वांत मोलाची आहे, ती हरवते.

हा पर्याय सोडून न देण्याचे पहिले कारण मुलींचा रकाना. तुम्ही फक्त GOBCH पाहिला आहे, पण तुमच्या मुलीला त्याच शाखेत GOPENH, LOPENH, GOBCH आणि LOBCH या चारही रकान्यांतून जागा मिळू शकते, आणि चारांपैकी ज्याचा कटऑफ क्रमांक सर्वांत मोठा तो तिच्यासाठी महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी तो LOBCH असतो, म्हणून यादीत तो आधी शोधा. समजा तिथे तीन वर्षांचे क्रमांक १९,८००, २४,६०० आणि १८,९०० असे निघाले, तर १८,५०० हा क्रमांक तिन्ही वर्षांच्या आत येतो आणि चित्र पार बदलते.

पण या रकान्यावर भरवसा किती ठेवायचा, हे जागांच्या संख्येवर ठरते. ६० जागांची शाखा घ्या आणि सोयीसाठी सगळ्या जागा कॅपमध्ये आहेत असे धरा. त्यांच्या ७० टक्के म्हणजे ४२ जागा H च्या, त्यांत ओबीसींच्या १९ टक्के म्हणजे ८, आणि त्यांपैकी ३० टक्के मुलींसाठी म्हणजे २. सगळा LOBCH रकाना दोन जागांचा. दुसऱ्या क्रमांकाची मुलगी कोण निघते यावर तो एका वर्षी १८,९०० वर थांबतो आणि एका वर्षी २४,६०० पर्यंत जातो; त्या वर्षी मागणी कमी होती असा त्याचा अर्थ लावता येत नाही. उरलेल्या सहा जागांचा GOBCH त्यामानाने स्थिर राहतो. रकान्यात जागा जितक्या थोड्या, तितका त्याचा पट्टा रुंद धरावा, आणि एक-दोन जागांच्या रकान्यात सैल वर्षाचा आकडा आधार म्हणून धरूच नये. इथे १८,९०० ला आधार मानावे, २४,६०० ला नव्हे. त्या हिशेबाने तुमची मुलगी आत आहे, पण अगदी काठावर.

खासगी महाविद्यालयांत अखिल भारतीय आणि संस्थास्तरीय कोटा वगळल्यावर या संख्या आणखी कमी होतात. म्हणून हिशेब मंजूर प्रवेश क्षमतेवरून न करता फेऱ्यांआधी प्रसिद्ध होणाऱ्या सीट मॅट्रिक्सवरून करावा. त्यात प्रत्येक शाखेच्या प्रत्येक रकान्यात यंदा किती जागा आहेत ते दिलेले असते. गेल्या वर्षीचे सीट मॅट्रिक्स जपून ठेवलेले असेल तर उत्तमच. दोन्ही शेजारी ठेवले, की जागा कुठे वाढल्या आणि कुठे घटल्या ते एका बैठकीत कळते.

हा पर्याय सोडून न देण्याचे दुसरे कारण वाढलेल्या जागा. समजा सीट मॅट्रिक्समध्ये असे दिसले, की या महाविद्यालयाने एक तुकडी वाढवली आहे आणि GOBCH मध्ये ६ ऐवजी १२ जागा आहेत. कटऑफ किती पुढे जाईल? यासाठी कटऑफ यादी पुरत नाही, संस्थानिहाय जागावाटपाची यादी लागते. त्यात प्रत्येक जागा कोणत्या क्रमांकाला आणि कोणत्या प्रकारातून मिळाली ते असते. समजा गेल्या वर्षी GOBCH च्या सहा जागा १५,०००, १५,४५०, १५,८००, १६,३००, १६,६५० आणि १७,१०० या क्रमांकांना गेल्या. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत २,१०० चे अंतर आणि मध्ये पाच पायऱ्या, म्हणजे साधारण दर ४२० क्रमांकांमागे एक जागा भरली. आणखी सहा जागा याच गतीने भरल्या, तर कटऑफ सुमारे २,५०० ने पुढे, म्हणजे १९,६०० पर्यंत जाईल.

हा आकडा मात्र वरचे टोक समजावा. क्रमांक जसजसा मागे जातो तसतशी ज्यांना याहून चांगली जागा मिळण्यासारखी नाही अशी मुले वाढतात, म्हणजे हीच जागा मागणारे दाट होतात आणि दोन प्रवेशांतले अंतर कमी होत जाते. शिवाय जागा वाढल्याची बातमी पसरली, की पूर्वी ज्यांनी हा पर्याय भरलाच नसता तेही तो भरतात. म्हणून मी अशा वेळी निम्मी वाढ खात्रीची धरतो आणि उरलेली निम्मी शक्यतेची. या उदाहरणात १७,१०० मध्ये सुमारे १,२५० मिळवले, तर १८,३५० पर्यंत बऱ्यापैकी खात्री आणि १९,६०० पर्यंत शक्यता. तुमच्या मुलीचा १८,५०० हा क्रमांक खात्रीच्या रेषेच्या लगेच पुढे येतो. त्यात LOBCH च्या जागाही दोनाच्या चार झालेल्या असणार, हे जमेस धरले तर पहिल्या दोन फेऱ्यांत तिला ही शाखा मिळण्याकडे पारडे झुकते असे मी म्हणेन. तुकडी वाढलेली नसेल, तर मात्र सगळी भिस्त LOBCH च्या दोन जागांवर राहील.

जुन्या याद्या वाचताना आणखी काही ठिकाणी फसगत होते. रकाना रिकामा असेल, तर कटऑफ खूप खाली गेला असा त्याचा अर्थ होत नाही. त्या फेरीत त्या प्रकारची जागा कोणाला दिली गेली नाही, इतकेच त्यातून कळते. TFWS चा रकाना त्याच शाखेखाली असतो, पण त्या जागा शिक्षण शुल्क माफीच्या, मंजूर क्षमतेच्या ५ टक्के आणि क्षमतेवरच्या असतात, आणि त्यांसाठी चुरस बहुधा जास्त असते. तो आकडा शाखेचा कटऑफ म्हणून धरू नये. शाखांच्या नावांतही सावध राहावे. संगणक अभियांत्रिकी, संगणक विज्ञान व अभियांत्रिकी, आणि त्याच नावापुढे कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा डेटा सायन्स जोडलेल्या शाखा यांचे चॉइस कोड वेगळे असतात आणि कटऑफही. नाव बदललेल्या शाखेची जुनी मालिका शोधताना कोडवरून शोधावी, नावावरून नव्हे. एखाद्या संस्थेचा दर्जा बदलला, की तिच्या यादीत H आणि O च्या जागी S दिसू शकतो; पुण्याचे सीओईपी २०२२ मध्ये विद्यापीठ झाले. असे काही झाले असेल, तर त्या बदलाआधीची वर्षे बाजूला ठेवावीत.

हा सगळा अंदाज पर्यायांच्या अर्जात उतरवताना क्रम शक्यतेनुसार न लावता आवडीनुसार लावावा. पट्ट्याबाहेरचा पर्याय वर ठेवल्याने खालच्या पर्यायाची शक्यता तसूभरही कमी होत नाही, कारण वरची जागा मिळाली नाही तर वाटप त्याच क्षणी पुढच्या पर्यायाकडे जाते. अंदाजाचा उपयोग यादी किती लांब ठेवायची आणि तिच्या तळाशी काय असायला हवे, हे ठरवण्यासाठी आहे. तुमच्या मुलीच्या यादीत १८,५०० हा क्रमांक तिन्ही वर्षांच्या कटऑफच्या बराच आत येतो असे चार-पाच पर्याय खाली असलेच पाहिजेत, म्हणजे ज्यांचे GOBCH क्रमांक सलग तीन वर्षे २१-२२ हजारांच्या पुढे राहिले आहेत असे, आणि तेही एक-दोन जागांच्या रकान्यावर न विसंबता.

क्रम लावताना एकच अट पाळावी. यंदाच्या माहितीपुस्तिकेत आपोआप जागा निश्चित होण्याचा नियम काय आहे तो आधी वाचावा. २०२५-२६ सारखा नियम असेल, तर दुसऱ्या फेरीला पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीला पहिले सहा पर्याय असे असावेत, की त्यांपैकी कोणताही मिळाला तरी पुढे जायची इच्छा उरणार नाही. ‘भरायला काय हरकत आहे’ म्हणून वर टाकलेला पर्याय तिसऱ्या फेरीत मिळाला, तर चौथ्या फेरीत मोकळी होणारी हवी ती जागा हातची जाते.

पहिली फेरी जाहीर झाली, की जुन्या वर्षांच्या याद्या बाजूला ठेवा आणि यंदाचीच पहिल्या फेरीची यादी घ्या. यंदाची जागासंख्या, यंदाचे नियम आणि यंदाची मागणी त्या आकड्यांत आधीच उतरलेली असते. GOBCH पहिल्या फेरीत १७,८०० वर थांबला आणि गेल्या वर्षी पहिल्या व दुसऱ्या फेरीत ९०० चा फरक होता असे दिसले, तर १८,७०० च्या आसपासचा अंदाज धरून दुसऱ्या फेरीचे पर्याय लावता येतील. तोच रकाना १६,५०० वर थांबला असेल, तर दोन हजारांची दरी पुढच्या फेऱ्यांत भरून निघण्याची वाट न पाहता खालच्या पर्यायांचा क्रम पुन्हा एकदा नीट लावावा, कारण आता मुलीला जागा मिळण्याची शक्यता तिथेच जास्त आहे.